घर सोडताना मालकाच्या हाती द्यायचा कागद

एप्रिल-मे आला की शिवाजीनगर, बैगनवाडी आणि लोटस कॉलनीच्या गल्ल्यांत सामानाचे टेम्पो उभे राहू लागतात. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, बऱ्याच जणांचा अकरा महिन्यांचा करारही याच सुमारास पुरा होतो, आणि गोवंडी सोडून कुणी मुंब्र्याला, कुणी मानखुर्दला, कुणी आणखी पुढे जातो. कपाट जाते, पंखा जातो, पाण्याचे पिंपसुद्धा जाते. मागे राहतो तो पत्ता. बँकेत तोच, विम्यात तोच, मतदार यादीत तोच. भाडोत्री किल्ली देताना एवढेच म्हणतो, "चाचा, काही कागद आला तर फोन करा." चाचाही "हो हो" म्हणतात.

हे बोलणे खोटे नसते, पण ते टिकतही नाही. महिनाभराने खोलीत नवा भाडोत्री येतो आणि पोस्टमन पाकीट त्याच्या हातात देतो. चाचा गावी गेले असतील तर सून म्हणते, "ते लोक गेले," आणि पाकिटावर "घर सोडून गेले" असा शेरा पडून ते परत जाते. कुणाचीच नियत वाईट नसते, तरी कागद हरवतो. म्हणून या वेळी आम्ही फक्त एका पानाविषयी लिहीत आहोत. किल्लीबरोबर हे पान घरमालकाच्या हाती द्यायचे असते.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शिवाजीनगरातली माळ्याची खोली सोडून मुंब्र्याला निघाले होते. ते शिलाईचे काम करतात. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "सर, मालकाला एक चिठ्ठी लिहून द्या. आमचे कागद येत राहतील, तेवढे सांभाळा म्हणावे." चिठ्ठी लिहायला किती वेळ लागतो? पण मालक हाजीसाहेब ती घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "तुम्ही गेलात, आता तुमच्या नावाचे कागद माझ्या दारात कशाला?"

त्यांचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. आपल्या भागात पत्त्यावर आलेला कागद म्हणजे राहण्याचा पुरावा. झोपडपट्टी पुनर्वसनाचा सर्वे आला की १ जानेवारी २००० च्या आधी कोण राहत होते, २०११ च्या आधी कोण होते, याची कागदांवरून छाननी होते. गेलेल्या भाडोत्र्याच्या नावाने बँकेची नि सरकारची टपाल येत राहिली तर उद्या तो खोलीवर हक्क सांगेल, अशी भीती घरमालकाला वाटते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. म्हणून चिठ्ठीत नुसती विनंती असून भागत नाही. मालकाला हवी ती गोष्टही त्याच कागदावर लिहून द्यावी लागते: खोली अमुक तारखेला रिकामी करून दिली आणि तिच्यावर आता आपला काही हक्क नाही. हे वाक्य वाचल्यावर हाजीसाहेबांनी चष्मा लावून सगळा कागद पुन्हा वाचला आणि सही केली.

तो कागद असा होता. नावे आणि खोलीचा नंबर गाळून देतो, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल.

"मोहतरम हाजीसाहेब, अस्सलामु अलैकुम. आपली शिवाजीनगर, गोवंडी, मुंबई ४०० ०४३ येथील खोली (प्लॉट, लाईन आणि रोड नंबर) आम्ही ३० एप्रिल रोजी रिकामी करून किल्ली आपल्या ताब्यात दिली. या खोलीवर आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही. आमच्या घरातील पुढील चौघांच्या नावाने टपाल येऊ शकते: (चार पूर्ण नावे). आमचा नवा पत्ता: (खोली, मजला, विंग, इमारत, रस्ता, जवळची खूण), कौसा, मुंब्रा, जिल्हा ठाणे ४०० ६१२. मोबाइल: (दोन नंबर). साधे पत्र आले तर न उघडता ठेवावे आणि आम्हांला फोन करावा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. सही मागणारे पत्र आले तर आपण सही करू नये. पोस्टमनला आमचा नवा पत्ता दाखवावा आणि आम्हांला त्याच दिवशी कळवावे. ही तसदी ३१ जुलैपर्यंतच आहे. तोवर आम्ही सगळीकडे पत्ता बदलून घेऊ."

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. प्रती दोन, एक मालकाकडे आणि एक भाडोत्र्याकडे. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरीही लागत नाही.

यातली नावे बँकेत आणि आधारवर जशी आहेत तशीच लिहायची. घरी सगळे ज्याला बब्बू म्हणतात त्याच्या पाकिटावर शेख मोहम्मद अमुक असे छापलेले असते, आणि मालकाच्या सुनेला ते कुणाचे हे कळत नाही. बायकांची नावे तर आवर्जून लिहावीत. बचत गटाचे खाते, मुलीच्या शिष्यवृत्तीचे खाते, जनधनचे खाते बहुधा अम्मीच्या नावावर असते, आणि कित्येक मालकांना भाडोत्र्याच्या बायकोचे पूर्ण नाव ठाऊकच नसते. नव्या पत्त्यात रस्ता आणि खूण हवीच, कारण मुंब्र्यात एकाच नावाच्या दोन-तीन इमारती सहज सापडतात. आधार नंबर, खाते नंबर, पॅन यांतले काहीही या कागदावर लिहू नये. टपाल पोहोचवायला त्यांची गरज नसते आणि कागद भिंतीवरच्या खिळ्याला लटकणार असतो.

आता सहीची गोष्ट. "सही करू नये" हे वाक्य वाचून मालकाला वाटू शकते की आपल्यावर विश्वास नाही. तसे नाही. सही झाली की पोस्टाच्या दफ्तरी ते पत्र त्या पत्त्यावर पोहोचले अशी नोंद होते. पुढे ते पाकीट मालकाच्या कपाटावर महिनाभर पडून राहिले तरी पाठवणारा म्हणणार, आमचे पत्र मिळाले आहे. पूर्वी असे महत्त्वाचे कागद रजिस्टर पोस्टाने येत, आणि २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यामुळे पाकिटावर स्पीड पोस्ट छापलेले असेल तर ते नुसते कार्ड किंवा चेकबुक असेल असे समजू नये. वकिलाची नोटीसही आता त्याच कपड्यांत येते.

या शिवणकाम करणाऱ्या भावाच्या बाबतीत नेमके तेच झाले. त्याने एक जुनी शिलाई मशीन हप्त्यांवर घेतली होती आणि शेवटच्या १८,००० रुपयांचा चेक दिला होता. घर बदलण्याच्या धांदलीत खात्यातले पैसे नव्या खोलीच्या डिपॉझिटला गेले आणि चेक परतला. त्याला वाटले, मशीनवाला पुन्हा चेक टाकेल. मशीनवाल्याने वकील गाठला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाकीट घेऊन पोस्टमन गोवंडीच्या दारात उभा राहिला. हाजीसाहेबांनी सही केली नाही. खिळ्यावरचा कागद काढून नवा पत्ता दाखवला, पाकिटाचा बाहेरून फोटो घेतला आणि संध्याकाळी मुंब्र्याला पाठवला. पाठवणाऱ्याच्या जागी वकिलाचा शिक्का पाहून त्या भावाने रात्रीच मशीनवाल्याला फोन केला. चौथ्या दिवशी १८,००० रुपये बँकेतून पाठवले आणि पैसे मिळाल्याचे लिहून घेतले.

या चार दिवसांचे महत्त्व कायदा पाहिल्यावर कळते. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक घेणाऱ्याने लेखी नोटीस पाठवायची असते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर गुन्हा होत नाही. पंधरा दिवस गेले की तक्रारीचा रस्ता मोकळा होतो, आणि ते प्रकरण फौजदारी असते. आता प्रश्न असा, की नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि परत आली तर ती "मिळाली" म्हणायची का? १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याप्रमाणे योग्य पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद पोहोचला असे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. केरळातून आलेल्या एका चेकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००७ मध्ये हेच तत्त्व या नोटिशीलाही लावले, आणि त्याच निकालात एक दारही उघडे ठेवले: नोटीस खरोखरच मिळाली नव्हती असे ज्याचे म्हणणे आहे, त्याने कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत आणि तक्रार रद्द करण्याची मागणी करावी. म्हणजे घर सोडलेला माणूस अगदीच बुडत नाही. पण आपण तेव्हा तिथे राहत नव्हतो हे त्यालाच दाखवावे लागते, आणि तोवर गोष्ट कोर्टात पोहोचलेली असते. तारीख घातलेला, मालकाच्या सहीचा कागद तिथे कामाला येतो.

पोलिस समन्स घेऊन आले तर मालकाने काय करावे, हेही लोक विचारतात. समन्स त्या माणसालाच द्यायचे असते. तो सापडत नसेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीकडे देता येते. घरमालक त्या कुटुंबात येत नाही, म्हणून त्याने ते घेऊ नये. "ते इथे राहत नाहीत, हा त्यांचा नवा पत्ता," एवढे सांगून कागद दाखवावा. असे कुणी सांगितले नाही तर समन्स घराच्या दारावर चिकटवून जाण्याचीही तरतूद कायद्यात आहे, आणि मग ते अशा दारावर राहते जिथून तो माणूस आता येत-जातही नाही. वसुलीवाले म्हणून येणाऱ्या माणसांना मात्र नवा पत्ता सांगायला मालक बांधलेला नाही. "पत्र लिहून द्या, पोहोचवतो," हे उत्तर पुरेसे आहे.

पाकीट न उघडणे हे आम्ही मुद्दाम लिहायला लावतो. कुतूहल माणसाला असतेच, आणि "उघडून बघितले, महत्त्वाचे असेल म्हणून," असे सांगणारे भले लोकही असतात. पण पाकीट ही अमानत आहे. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदाराच्या हवाली करण्याचा हुकूम आहे, आणि बऱ्याच मुफस्सिरांनी तिचा संबंध मक्का फतह झाली त्या दिवसाशी, काबागृहाची किल्ली हजरत उस्मान बिन तल्हा यांना परत दिली गेली त्या प्रसंगाशी जोडला आहे. भाडोत्री किल्ली परत देतो, तेव्हा मालकाकडे त्याची पाकिटे उरतात. फोटो पाठवायचा तो बाहेरचाच.

मेपासून जुलैपर्यंत त्या पत्त्यावर आणखी दोन पाकिटे आली. पहिले बँकेचे साधे पत्र होते, केवायसीची मुदत संपत असल्याचे. हे पत्र लोक जाहिरात समजून टाकतात. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना सांगितले, की केवायसीची मुदत येण्याआधी ग्राहकाला किमान तीन सूचना द्याव्यात आणि त्यांतली किमान एक पत्राने असावी. मुदत टळल्यावर पुन्हा किमान तीन आठवणी, त्यांतही एक पत्राने. मोबाइल नंबर बदललेला असेल तर हे पत्रच काय ते हाती लागते. ते चुकले आणि केवायसी राहिली तर एक दिवस खात्यातले व्यवहार अडतात, आणि बहुतेक वेळा पगार जमा झाल्यानंतरच ते लक्षात येते.

दुसरे होते नवे एटीएम कार्ड. ते हाजीसाहेबांकडे ठेवता आले नाही, ठेवायचेही नव्हते. पोस्टमनने परत नेले आणि ते बँकेकडे गेले. फोटो मिळाल्यावर त्या भावाने शाखेत विचारले आणि आठवड्याभराने तिथूनच घेतले. कार्ड, चेकबुक, पासपोर्ट यांच्या बाबतीत मालकाची मदत इथेच संपते. ही पाकिटे नातेवाइकाच्या किंवा शेजाऱ्याच्या हाती यावीत अशी अपेक्षाच धरू नये. पासपोर्टचा अर्ज चालू असेल तर तो मिळेपर्यंत घर सोडणे लांबवता आले तर लांबवावे. पोलिस चौकशीही त्याच पत्त्यावर होते आणि पासपोर्टही तिथेच येतो.

हे सगळे तीन महिन्यांचेच काम आहे, आणि कागदात ३१ जुलैची तारीख घातली ती त्यासाठीच. मालकाला सांगून दुसऱ्याच दिवशी भाडोत्र्याने दोन ठिकाणी जायचे. पहिले, जुन्या भागाचे टपाल वाटणारे पोस्ट ऑफिस. तिथे आपले टपाल नव्या पत्त्यावर वळवावे असा अर्ज द्यायचा. तो ज्याच्या नावाचे टपाल आहे त्याने स्वतःच्या सहीने द्यावा लागतो. मालक त्याच्या वतीने देऊ शकत नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही घ्यावी. शक्य असेल तर पोस्टमनलाही भेटावे. आपल्या गल्ल्यांत घराचे नंबर कसे लागले आहेत ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक नाही, आणि अर्जापेक्षा त्याच्या लक्षात राहिलेले अधिक उपयोगी पडते.

दुसरे ठिकाण बँक. इथे लोक उगाच घाबरतात. म्हणतात, आधारवर तर बीडच्या गावाचा पत्ता आहे, भाड्याचा करारही अजून हातात नाही, बँक पत्ता बदलेल कशी? रिझर्व्ह बँकेच्या नियमांत याची सोय आहे. बाकीची माहिती तीच असून फक्त पत्ता बदलला असेल तर ग्राहकाने आपल्या सहीने नवा पत्ता लिहून द्यायचा. नोंदवलेल्या मोबाइलवरून किंवा नेटबँकिंगमधूनही तो देता येतो. मग दोन महिन्यांच्या आत बँक त्या पत्त्याची खातरजमा करते, त्यावर पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून. ते पत्र मुंब्र्याला येते, म्हणून नव्या खोलीच्या दारावर किंवा खालच्या पेटीवर आपले नाव आधी लावून घ्यावे. नव्या इमारतीत आपल्याला कुणी ओळखत नसते आणि खातरजमेचे पत्रच "पत्ता सापडत नाही" म्हणून परत गेले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. शाखेतला माणूस करार मागू लागला तर त्याच्याशी वाद घालत बसू नये. नियमाचा उल्लेख करून अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच शिक्का घ्यावा. अर्जाची पोहोच हाती असली की पुढचे बोलणे सोपे जाते.

भाड्याच्या कराराचेही एक आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने आवश्यक आहे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदवलेला करार आधारचा पत्ता बदलायलाही चालतो. म्हणून मुंब्र्याच्या नव्या मालकाकडे तो पहिल्या दिवशीच मागावा. एकदा घरातल्या कर्त्याचा पत्ता आधारवर बदलला की बायको-मुलांचा पत्ता त्याच्या संमतीवर बदलता येतो. संमती तीस दिवसांत द्यायची असते. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा असतो. हा फॉर्म लवकर भरावा, कारण बीएलओ जुन्या दारात येऊन विचारेल तेव्हा हाजीसाहेब खरे तेच सांगणार: ते इथे राहत नाहीत.

३१ जुलैनंतर काय, असे हाजीसाहेबांनी विचारले होते. आम्ही सांगितले की त्यानंतर फोन करायची गरज नाही. साधे पत्र आलेच तर न उघडता जुना पत्ता रेघ मारून कापायचा, बाजूला मुंब्र्याचा पत्ता लिहायचा आणि पाकीट पोस्टमनच्या हाती द्यायचे. ऑगस्टमध्ये विमा कंपनीचे एक पत्र आले, ते त्यांनी तसेच पाठवले. पत्त्याचा कागद मात्र त्यांनी खिळ्यावरून काढून भाडेकराराच्या फाइलीत ठेवला आहे. त्यावरचे "खोली रिकामी करून दिली" हे वाक्य त्यांच्या कामाचे आहे.